छोट्या दवाखान्यासाठी रिसेप्शनिस्टची जाहिरात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न (नागपूर)

हे पान नागपुरातल्या लहान दवाखान्यांसाठी आहे. एक-दोन डॉक्टर, एक कंपाउंडर, काउंटरवर एक माणूस आणि ती काउंटरची खुर्ची नेमकी रिकामी, अशी स्थिती असेल तर पुढे वाचा. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे : मानेवाडा चौकाजवळचा लहान मुलांचा दवाखाना, सकाळ-संध्याकाळ ओपीडी, रविवारी बंद. उदाहरणातले तास आणि पगार तुमच्याकडच्या परिस्थितीप्रमाणे बदला.

जाहिरात किती मोठी असावी?

मोबाईलवर न स्क्रोल करता दिसेल एवढी, म्हणजे साधारण साठ-सत्तर शब्द. त्यात काम काय, कुठे, किती ते किती, कोणत्या भाषा, पगार किती आणि अर्ज कसा करायचा, एवढं आलं की झालं. दवाखान्याचा इतिहास, डॉक्टरांच्या पदव्या, "उत्तम कार्यसंस्कृती" वगैरे काढून टाका. नोकरी शोधणारी ताई वेळ आणि जागा पाहते, मग पगार, आणि तिथेच तिचं हो की नाही ठरतं.

आम्ही नेहमीसारखी जाहिरात टाकली. फोन भरपूर आले, पण कामाचं कुणीच मिळालं नाही. असं का होतं?

बहुतेक वेळा जाहिरात अशी असते :

> पाहिजे! दवाखान्यासाठी स्मार्ट व अनुभवी रिसेप्शनिस्ट. फक्त मुली. मराठी, हिंदी, इंग्रजी बोलता येणे आवश्यक. पगार योग्यतेनुसार. त्वरित संपर्क साधा.

यात वाचणाऱ्याला स्वतःहून बाजूला होण्यासाठी काहीच दिलेलं नाही. वेळ नाही, म्हणून कामठीची मुलगीही फोन करते आणि हिंगण्याचीही. पगार नाही, म्हणून प्रत्येक फोनची सुरुवात "पगार किती?" या प्रश्नाने होते. आणि फोन येतात ते दवाखान्याच्याच नंबरवर, सकाळी अकराला, जेव्हा बाहेर पंधरा मुलं रडत असतात आणि फोन उचलणारं माणूस नाही म्हणूनच तर ही जाहिरात दिलेली असते. चांगल्या जाहिरातीला कमी फोन येतात. आलेल्यांपैकी अर्धे लोक खरंच बोलवण्यासारखे असले तर ती जमली असं समजा.

शिफ्टची वेळ कशी लिहायची? ओपीडीची वेळच लिहिली तर चालेल ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गाडी इथेच अडते. ओपीडीची वेळ ही डॉक्टरांची वेळ असते. काउंटरवरचं माणूस त्याआधी येतं, फाइली काढतं, नंबर लावतं. रात्री शेवटचं लेकरू आतून बाहेर येऊन पैसे देऊन जाईपर्यंत त्याला हलता येत नाही.

मानेवाड्याच्या उदाहरणात ओपीडी सकाळी 10 ते 1:30 आणि संध्याकाळी 6 ते 9. डॉक्टरांनी पहिल्यांदा ठरवलं की रिसेप्शनिस्टने 9:30 ला यावं, 1:30 ला जावं, पुन्हा 5:30 ला यावं आणि 9:30 पर्यंत थांबावं. काम आठ तासांचं, म्हणजे ऐकायला सोपं. पण सकाळी दवाखान्यात आल्यापासून रात्री निघेपर्यंतचा हिशोब करा. सकाळी 9:30 ते रात्री 9:30, म्हणजे दिवसाचे बारा तास दवाखान्याने व्यापले. सहा दिवसांचे आठ-आठ तास धरले तर आठवड्याचे 48 होतात. आणि हे सगळं शेवटचा पेशंट वेळेवर निघाला तर. पावसाळ्यात तापाची साथ आली की दहा वाजतात.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामाचे रोजचे 9 तास आणि आठवड्याचे 48 तास ही मर्यादा घातली. पण त्याचबरोबर दिवसाच्या पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा एकूण पसारा साडेदहा तासांच्या वर जाऊ नये, असंही म्हटलं. अधूनमधून असणाऱ्या किंवा तातडीच्या कामाला ही मर्यादा बारा तास. महिलांनी रात्री 9:30 नंतर काम करायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था हवी, हेही त्यातच आहे. या कायद्याची बरीच कलमं आली तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होती, त्यामुळे तीन माणसांचा दवाखाना म्हणेल की आम्हाला काय त्याचं. कायदा लागू नसला तरी माणसाची दमछाक तीच होते. असे आकडे सरकार बदलत असतं, म्हणून जाहिरात देण्याआधी चालू नियम एकदा पाहून घ्या, पण साडेदहा तासांची रेघ डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

उदाहरणातला तोडगा असा निघाला. रिसेप्शनिस्ट सकाळी 10 ला येते, फाइली आदल्या रात्रीच काढून ठेवलेल्या असतात. 1:30 ला सुट्टी. संध्याकाळी 5:30 ते 8:30. काम साडेसहा तास, पसारा बरोबर साडेदहा तास. 8:30 नंतर नवीन नंबर घेत नाहीत आणि उरलेले चार-पाच पेशंट कंपाउंडर सांभाळतो, कारण तो तसाही कुलूप लावेपर्यंत थांबतोच. एक तास सोडला आणि जागेसाठी विचार करणाऱ्या बायकांची संख्या एकदम वाढली. 8:30 ला निघून नऊच्या आत घरी आणि 9:30 ला निघून दहाला घरी, यात इथल्या घरांमध्ये फार फरक पडतो.

दुपारचे चार तास मोकळेच असतात. त्यांचा जाहिरातीत उल्लेख करायची गरज आहे का?

नक्की करा. दोन शिफ्टची नोकरी बाहेरून अर्धवेळेसारखी वाटते आणि आतून पूर्णवेळेपेक्षा जड असते. उदयनगर, अयोध्यानगर किंवा हुडकेश्वरला राहणारी ताई दुपारी घरी जाऊन जेवते, मुलाला शाळेतून आणते, थोडी पडते आणि परत येते. तिच्यासाठी ही सोय आहे. तेच कामठीहून येणारीला दुपारी घरी जाणं परवडत नाही. मेट्रो आहे, पण खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर या दोन्ही मार्गांवर मानेवाडा येत नाही, पुढचा ऑटोचा खर्च आलाच. मग ती चार तास दवाखान्यातल्या बाकावर काढते. आणि मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की दीडला स्कूटीवरून घरी जाऊन साडेपाचला परत निघणं काय असतं हे नागपूरकराला सांगायला नको. उन्हाळ्यात नोकऱ्या सोडल्या जातात त्यातल्या बऱ्याच या कारणाने, जरी कारण "घरगुती अडचण" असं सांगितलं जात असलं तरी.

म्हणून दोन वाक्यं घाला. एक, "मानेवाडा, उदयनगर, हुडकेश्वर, बेसा परिसरात राहणाऱ्यांना प्राधान्य." दुसरं, दुपारी थांबायची सोय असेल तर तीही लिहा : पंखा-कूलर असलेली खोली, डबा गरम करायची सोय. सोय नसेल तर लिहू नका आणि विचारल्यावर खरं सांगा.

दोन माणसं ठेवली तर? एक सकाळी, एक संध्याकाळी?

चांगला पर्याय आहे. सकाळी बहुधा मुलं शाळेत गेलेल्या आया मिळतात, संध्याकाळी कॉलेज करणाऱ्या मुली-मुलं. पगार वाटला जातो, पण एक जण आजारी पडला की दुसरा तात्पुरता दोन्ही वेळा येऊ शकतो, हा मोठा फायदा. तोटा एकच : सकाळचं संध्याकाळला कळत नाही. "परवा रिपोर्ट घेऊन या" असं सकाळच्या ताईने सांगितलेलं संध्याकाळच्या मुलाला माहीत नसतं. त्यासाठी काउंटरवर एक जाड वही ठेवा आणि प्रत्येकाने जाण्याआधी त्यात लिहूनच जायचं, असा दंडक घाला. जाहिरातीत मात्र दोन जागा वेगवेगळ्या लिहा, "सकाळ/संध्याकाळ" असं एका ओळीत कोंबू नका. वाचणारा ते दोन्ही वेळा असंच समजतो.

भाषांबद्दल काय लिहायचं? "तिन्ही भाषा आवश्यक" पुरेसं नाही का?

पुरेसं नाही, कारण तिन्ही भाषांचं काम वेगळं आहे आणि गरजही वेगळी.

मराठी बोलता, वाचता आणि नीट लिहिता आली पाहिजे. पेशंटला घरी न्यायच्या सूचना, लसीकरणाच्या पुढच्या तारखा, फोनवरची विचारपूस यातलं बरंचसं मराठीत चालतं. पुण्याची मराठी नव्हे. भंडारा-गोंदियाकडची आजी "लेकराले रातभर हगवण लागली जी" म्हणाली तर तिला तोंडाकडे पाहत राहणारी रिसेप्शनिस्ट नको.

हिंदी बोलता आली पाहिजे, आणि फोनवरही. नागपुरात छिंदवाडा, सिवनी, बालाघाटकडून पेशंट येतात, शहरातल्या अनेक घरांत हिंदीच बोलली जाते. लिहिता आली नाही तरी काही अडत नाही.

इंग्रजी वाचता आली पाहिजे आणि नावं बरोबर टाइप करता आली पाहिजेत. इंग्रजीत गप्पा मारायची वेळ महिन्यातून एखाद्या वेळी येते. लॅबच्या रिपोर्टवरचं नाव, लसीच्या बाटलीवरची तारीख, मेडिक्लेमचा कागद वाचणं मात्र रोजचं. टाइप करण्याची चूक तर दवाखान्यातच दिसते. सॉफ्टवेअरमध्ये मागच्या वेळी Wankhede असं नाव टाकलेलं असतं, आज कुणी Vankhade शोधतं, सापडत नाही म्हणून नवी फाइल उघडतं. आता एकाच बाळाच्या दोन फाइली झाल्या. एकीत मागच्या लसी आहेत, दुसरीत आजचं वजन. डॉक्टरांसमोर दुसरी उघडते आणि "आधीची लस दिली नाही का?" असा प्रश्न येतो. यासाठी अस्खलित इंग्रजी बोलणारी माणसं शोधायची गरज नाही. मोबाईल नंबरने शोधायची सवय आणि अक्षरं नीट पाहणारे डोळे पुरतात.

तेव्हा जाहिरातीत असं लिहा : "मराठी बोलणे-लिहिणे, हिंदी बोलणे, इंग्रजी वाचणे व टाइप करणे." तेवढ्याच जागेत मावतं. "इंग्रजी बोलणे आवश्यक" लिहिलंत तर मराठी माध्यमातून शिकलेली, कामाला चोख असलेली ताई अर्जच करणार नाही.

तुमचा दवाखाना जरीपटक्यात असेल तर सिंधी, मोमिनपुऱ्याजवळ असेल तर उर्दू वळणाची हिंदी समजणारं माणूस उपयोगी पडतं. ते "असल्यास उत्तम" म्हणून लिहा, अट म्हणून नको.

"फक्त मुली", "अविवाहित", "दिसायला चांगली" असं लिहिलं तर?

लिहू नका. केंद्राच्या 2019 च्या वेतन संहितेत भरती करतानाही स्त्री-पुरुष असा भेद करू नये असं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी "अविवाहित" लिहून तुम्ही नेमकी ती बाई बाहेर ठेवता जी वर्षानुवर्षं टिकते : जवळ राहणारी, मुलं थोडी मोठी झालेली, हिशोबात पक्की. फोटोही मागू नका. काउंटरच्या कामासाठी त्याचा उपयोग नाही, आणि अनोळखी नंबरवर फोटो पाठवायला चांगल्या घरातल्या मुली कचरतातच.

पगार लिहावा की "योग्यतेनुसार" ठेवावं?

आकडा लिहा. आकडा ठरवताना किमान वेतनाच्या खाली जाऊ नका. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, म्हणून मागच्या वर्षीची जाहिरात जशीच्या तशी टाकली तर आकडा जुना असू शकतो.

अर्ज कसा मागवायचा? फोन, व्हॉट्सॲप की प्रत्यक्ष?

व्हॉट्सॲप संदेश, आणि तोही दवाखान्याच्या पेशंटच्या नंबरवर नाही. जुना फोन आणि वेगळं सिम असेल तर ते लावा. कुणाला फोनच करायचा असेल तर त्याची वेळ द्या, दुपारी 2 ते 4. बायोडेटा मागायचा तर मागा, पण या कामाला येणाऱ्या अनेकांकडे तो तयार नसतो आणि सायबर कॅफेतून बनवून आणलेला कागद सगळ्यांचा सारखाच असतो. त्यापेक्षा संदेशात चार गोष्टी लिहायला सांगा : नाव, राहण्याचा भाग, याआधी कुठे काय काम केलं, आणि "दोन्ही वेळा जमेल" किंवा "जमणार नाही".

या चार ओळींतच बरंच कळतं. ज्यांनी सांगितलेल्या चारही गोष्टी लिहिल्या त्यांनी जाहिरात वाचली. ज्यांनी फक्त "हाय, जॉब आहे का?" लिहिलं, ते काउंटरवर पेशंटचं अर्धंच ऐकून घेतील असं मानायला जागा आहे. सरसकट नव्हे, पण जागा आहे.

आधार कार्ड, पॅन, बँकेचा तपशील पहिल्या संदेशात मागू नका. ओरिजिनल सर्टिफिकेट तर कधीच ठेवून घेऊ नका. आणि "कोणतीही फी नाही" ही ओळ जरूर टाका. नोकरीच्या नावाखाली फॉर्मचे पैसे उकळणारे इतके झाले आहेत की लोक खऱ्या जाहिरातीकडेही संशयाने पाहतात.

निवड करताना काय पाहायचं?

पाच-सहा जणांना निवडा आणि त्यांना फोन करा, पेशंट बनून. हे आधी सांगून ठेवा, फसवाफसवी नको. फोनवर म्हणा, "ताई, बाळाला झटके येऊन राहिले, डॉक्टर आहेत का?" जी म्हणेल "संध्याकाळी सहाला या, नंबर लावते", तिला अजून शिकवावं लागेल. जी म्हणेल "थांबा, लगेच डॉक्टरांना सांगते, नाहीतर तुम्ही सरळ जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्या", ती काउंटरसाठी तयार आहे. दुसरा प्रश्न असा : "ताप आहे, मागच्या वेळचं औषध किती द्यायचं?" इथे बरोबर उत्तर म्हणजे औषधाचं काहीही न सांगता डॉक्टरांना विचारून कळवणं. अनुभवी रिसेप्शनिस्ट इथेच चुकतात, कारण वर्षभर ऐकून त्यांना डोस पाठ झालेला असतो. बाळाचं वजन वाढलं की डोस बदलतो, हे त्यांच्या लक्षात राहत नाही.

त्यानंतर अर्धा दिवस प्रत्यक्ष काउंटरवर बसवून पाहा. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या.

तर मग शेवटी जाहिरात कशी दिसेल?

मानेवाड्याच्या उदाहरणात ती अशी झाली :

> रिसेप्शनिस्ट पाहिजे (1 जागा)
> लहान मुलांचा दवाखाना, मानेवाडा चौकाजवळ, नागपूर.
> वेळ : सकाळी 10 ते 1:30 व संध्याकाळी 5:30 ते 8:30. रविवार सुट्टी. दुपारी थांबण्यासाठी कूलरची खोली आहे.
> भाषा : मराठी बोलणे-लिहिणे, हिंदी बोलणे, इंग्रजी वाचणे व टाइप करणे.
> पगार : 15,000 रु. महिना. अनुभव नसला तरी चालेल, शिकवू.
> जवळ राहणाऱ्यांना प्राधान्य. स्त्री-पुरुष कोणीही.
> अर्ज : नाव, राहण्याचा भाग, आधीचे काम आणि दोन्ही वेळा जमतील का, हे व्हॉट्सॲपवर पाठवा. फोन दुपारी 2 ते 4. कोणतीही फी नाही. शेवटची तारीख : …

शेवटच्या तारखेच्या जागी खरी तारीख टाका, साधारण आठवडाभराची.

ती टाकायची कुठे?

आधी दवाखान्याच्या दारावर, मराठीत आणि हिंदीत. पेशंटच्या मावशी-काकूंपैकी कुणीतरी नक्की वाचतं, आणि ती माणसं जवळचीच असतात. मग खालच्या मेडिकल स्टोअरमध्ये, कारण तिथल्या दादाला कुठल्या दवाखान्यातली मुलगी काम सोडते आहे हे डॉक्टरांच्या आधी कळतं. मग वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. पेपरमधली छोटी जाहिरात शेवटी. ती शहरभर जाते आणि तुम्हाला शहरभरचे अर्ज नको आहेत.

मी अर्ज करणारी आहे. मला फक्त सकाळची वेळ जमते. तरी अर्ज करू का?

करा, पण पहिल्याच ओळीत तसं लिहा. दोन्ही वेळा जमणारं कुणी मिळालं नाही तर दवाखाना अनेकदा जागा दोघांत विभागतो, आणि तेव्हा स्पष्ट लिहिणाऱ्यांना आधी बोलावतो. "जमवून घेईन" असं मोघम लिहू नका. महिन्याभरात ते उघडं पडतं.

जागा भरली. आता जाहिरातीचं काय करायचं?

ज्या ग्रुपवर टाकली तिथे त्याच संदेशाला उत्तर म्हणून "जागा भरली आहे" असं तारखेसह लिहा आणि दारावरचा कागद काढा. फॉरवर्ड झालेली जाहिरात पुढे फिरत राहतेच, म्हणून त्या वेगळ्या नंबरवर आपोआप जाणारं उत्तरही लावून ठेवा : "नमस्कार, ही जागा भरली आहे. पुढे जागा निघाल्यास कळवू का?" हो म्हणणाऱ्यांची नावं वहीत राहू द्या. पुढच्या मे महिन्यात लागतील.